एका परिच्छेदातला जीवनपट एका पानाच्या रेझ्युमेत कसा बसवायचा

प्रश्न: सर, मी सीएनसीवर काम करतो. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कागलच्या एमआयडीसीत, दोन्हीकडे अर्ज करायचा आहे. ओळखीच्या एकानं माझा बायोडाटा बघून सांगितलं, "हा निबंध झाला, स्किल आणि अनुभव असा एका पानात करून आण." मी एंटर मारून ओळी तोडल्या, तरी तसाच वाटतो. नेमकं काय करू? लिहिलंय ते असं:

"माझा जन्म 1990 साली येळ्ळूर येथे शेतकरी कुटुंबात झाला. वडील शेती करतात व आई गृहिणी आहे. मराठी शाळेत शिकून मी 2006 मध्ये एसएसएलसी उत्तीर्ण झालो, नंतर बेळगावात आयटीआय टर्नर ट्रेड 2008 मध्ये पूर्ण केला व एक वर्ष अप्रेंटिस केले. घरच्या परिस्थितीमुळे लगेच उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर लागलो, नंतर दुसऱ्या ठिकाणी सीएनसी शिकलो व तिथे पाच वर्षे होतो, आईच्या आजारपणामुळे मध्ये काही काळ घरी होतो, त्यानंतर आजपर्यंत मच्छे येथील कारखान्यात हायड्रॉलिक सिलिंडरचे पार्ट करतो, सेटिंगही मीच करतो, नवीन मुलांना शिकवतो, मालकांचा माझ्यावर विश्वास आहे. मला मराठी, कन्नड, हिंदी येते, इंग्रजी समजते. मी प्रामाणिक व कष्टाळू आहे. भजनाची आवड आहे."

उत्तर:

तुमच्या परिच्छेदातली सगळ्यांत मोलाची गोष्ट तीन शब्दांची आहे आणि ती एका लांबलचक वाक्याच्या पोटात दडली आहे: "सेटिंगही मीच करतो." मी सोळा वर्षं उद्यमबागेत पर्सोनेलमध्ये होतो, आता मुलामुलींचे रेझ्युमे करून देतो. त्या अनुभवावरून सांगतो, या तीन शब्दांवर तुमचा पगार ठरणार आहे. सीएनसीवरचा माणूस म्हटला की घेणाऱ्याच्या डोक्यात तीन पायऱ्या असतात. ऑपरेटर जॉब लावतो, सायकल स्टार्ट करतो, पीस काढून मोजतो. सेटर नवीन जॉबसाठी टूल लावतो, जॉ बदलतो, वर्क ऑफसेट आणि टूल ऑफसेट घेतो, पहिला पीस पास करून मशिन ऑपरेटरच्या हाती देतो. प्रोग्रामर ड्रॉइंग बघून प्रोग्राम लिहितो. परिच्छेद वाचणाऱ्याला तुम्ही पहिल्या पायरीवर दिसता, आणि तुम्ही दुसरीवर आहात.

ज्या कारखान्यात मी होतो तिथे अशी चूक माझ्यासमोर घडली. आम्हाला सेटर हवा होता. अर्जांच्या गठ्ठ्यात एका मुलाचा असाच एकसलग लिहिलेला बायोडाटा होता, वरच्या तीन ओळी जन्म, गाव आणि वडिलांचा व्यवसाय यांच्या. गठ्ठा चाळणाऱ्यानं तो ऑपरेटरच्या ढिगात टाकला. दोन महिन्यांनी कळलं की तो मुलगा शेजारच्या शेडमध्ये सेटर म्हणून लागला आणि उत्तम काम करतोय. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो: परिच्छेद तुमच्या जन्मापासून सुरू होतो, रेझ्युमे घेणाऱ्याच्या गरजेपासून सुरू व्हायला हवा. एंटर मारून ओळी तोडल्या तरी क्रम जन्माचाच राहतो, म्हणून तुम्हाला तो तसाच वाटतोय.

आता कामाला लागू. संगणक बंद ठेवा. परिच्छेदाची प्रिंट काढा किंवा वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येक तुकड्याखाली रेघ ओढा. पूर्णविरामावर थांबू नका, स्वल्पविरामावर थांबा. तुमचं चौथं वाक्य लेथपासून सुरू होतं आणि मालकांच्या विश्वासापर्यंत जातं, त्यात एकूण सात तुकडे आहेत. मग प्रत्येक तुकड्यापुढे एक अक्षर लिहा: काम असेल तर "क", तारीख किंवा ठिकाण असेल तर "त", शिक्षण असेल तर "श", घरचं असेल तर "घ", आणि स्वतःबद्दलचं मत असेल तर "म". या टप्प्यावर काहीही खोडायचं नाही. लोक घाईनं खोडतात आणि नेमका तो अर्धा तुकडा जातो ज्यात कौशल्य असतं. तुमच्याकडे "सेटिंगही मीच करतो" आणि "नवीन मुलांना शिकवतो" हे दोन तुकडे असे सहज हातून निसटणारे होते.

अक्षरं लावून झाली की एक गोष्ट लगेच दिसेल. "क"चे तुकडे पाचच आहेत, आणि पाचही फार छोटे. बाकी पान घर, गाव आणि मतांनी भरलंय. म्हणजे तुमचा परिच्छेद लांब आहे, पण कामाबद्दल त्यात फारच थोडं आहे. म्हणून नुसती काटछाट करून रेझ्युमे होत नाही. आधी कामाचे तुकडे फुगवावे लागतात, त्यानंतर बाकीचे गाळावे लागतात. काल फोनवर मी तुम्हाला इतके प्रश्न विचारले ते त्यासाठीच. कोणतं मशिन, कोणता कंट्रोल, कोणते पार्ट, किती टॉलरन्स, कशानं मोजता, सेटिंगला किती वेळ लागतो, किती मुलं शिकवली. तुम्ही दिलेली उत्तरं इथे धरून चालतो.

"सीएनसी शिकलो" याचा अर्थ निघाला दोन अक्षांचं टर्निंग सेंटर, फानुक कंट्रोल. "हायड्रॉलिक सिलिंडरचे पार्ट करतो" म्हणजे ग्लँड, पिस्टन आणि एंड कव्हर. ग्लँडच्या बोअरला 25 मायक्रॉनची टॉलरन्स येते आणि तुम्ही बोअर गेजनं ती तपासता. ही गोष्ट लिहायलाच हवी, कारण उद्यमबागेत काय किंवा कागलला काय, सेटर शोधणारा माणूस टॉलरन्सचा आकडा वाचतो आणि तुम्हाला कोणता जॉब देता येईल ते त्याला तिथल्या तिथे समजतं. "बारीक काम करतो" हे वाक्य त्याच्या काहीच उपयोगाचं नाही.

सेटिंगबद्दल तुम्ही एक गोष्ट सहज बोलून गेलात, ती मी लिहून घेतली. पूर्वी तुमच्याकडे जॉब बदलायला जवळपास दोन तास जायचे. तुम्ही प्रत्येक जॉबचे सॉफ्ट जॉ वेगळे बोअर करून, त्यावर जॉबचं नाव घालून ठेवले आणि टूलची यादी मशिनच्या दाराला चिकटवली. आता साधारण तासाभरात पहिला पीस निघतो. यात आधीचं, नंतरचं आणि कारण, तिन्ही आहेत. इंटरव्ह्यूत कुणी विचारलंच "कसं केलं?" तर तुम्ही न अडखळता सांगू शकता.

रिजेक्शनचा आकडा मात्र मी मुद्दाम घालत नाही. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "कमीच असतं, एक-दोन टक्के असेल." हा अंदाज आहे. तुमच्याकडे रिजिस्टर नाही, क्वालिटीवाल्यांनी तो आकडा तुम्हाला दाखवलेला नाही. "हा आकडा कुठून आला?" या प्रश्नाला ज्याचं उत्तर देता येत नाही, तो आकडा रेझ्युमेत ठेवायचा नाही. एक आकडा डळमळला की टॉलरन्सचा खरा आकडाही समोरच्याला डळमळीत वाटू लागतो.

हाच नियम प्रोग्रामिंगला. तुम्ही असलेल्या प्रोग्राममध्ये फीड, स्पीड आणि डेप्थ ऑफ कट बदलता, गरज पडली तर एखादा ग्रूव्ह वाढवता. याला प्रोग्राम एडिट करणं म्हणतात. "प्रोग्रामिंग येतं" असं लिहिलंत तर चांगला इंटरव्ह्यू घेणारा कोऱ्या कागदासोबत ड्रॉइंग पुढे ठेवेल. "प्रोग्राम एडिट करतो" असं लिहिलंत तर तो तेवढंच विचारेल, आणि ते तुम्हाला पक्कं येतं.

आता "म"चे तुकडे. "मालकांचा माझ्यावर विश्वास आहे" हे मत आहे, पण त्यामागे घडलेलं काहीतरी असणार म्हणून मी विचारलं, "कशावरून?" तुम्ही सांगितलंत की रात्रपाळीला सुपरवायझर नसतो आणि चार मशिनची जबाबदारी तुमच्यावर असते. ही खरी ओळ! मताच्या जागी ती ठेवायची. "मी प्रामाणिक व कष्टाळू आहे" याच्यामागे मात्र लिहिण्यासारखी वेगळी घटना निघाली नाही, म्हणून ते वाक्य काढायचं. याची परीक्षा सोपी आहे. ओळीतून तुमचं नाव काढून शेजाऱ्याचं घाला. ओळ तशीच खरी वाटली तर ती रेझ्युमेच्या कामाची नाही. चार मशिनची रात्रपाळी शेजाऱ्याच्या नावावर बसणार नाही.

"घ"चे तुकडे काढताना तुम्हाला वाईट वाटेल, मला कल्पना आहे. घरची शेती, आईवडील, भजन, या गोष्टी तुमच्या आयुष्यात मोठ्या आहेत. आपल्याकडे लग्नासाठी स्थळाचा बायोडाटा लिहिण्याची पद्धत आहे. जन्म, कुटुंब, आवडी हा क्रम त्यातूनच नोकरीच्या कागदात शिरतो. नोकरीच्या कागदावर वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, उंची यांतलं काहीही लागत नाही. नेमणूक झाल्यावर फॉर्म भरताना ते विचारतील. खाली "वरील माहिती सत्य आहे" असं घोषणापत्र आणि सही घालायची जुनी रीत आहे. तीही आता गाळा, त्या दोन ओळींत तुमचं एक काम मावतं.

एकच "घ"चा तुकडा ठेवायचा: आईच्या आजारपणातला काळ. तो लपवला तर तारखांत भोक दिसतं आणि वाचणारा स्वतःच्या मनानं काहीतरी भरतो. पण "काही काळ" असं मोघम लिहू नका. इथे तारखांच्या कामाला यावंच लागतं.

तारखा आठवणीतून लिहू नका. ज्या नोकऱ्यांत पीएफ कापला जायचा, त्यांच्या रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर `View` मध्ये `Service History` खाली दिसतात. मोठी कंपनी कागदपत्रं तपासताना याच तारखा बघते. काल तुम्ही त्या काढल्यात: दुसऱ्या ठिकाणी जून 2013 ते ऑक्टोबर 2018, आणि मच्छेला जून 2019 पासून. म्हणजे तुम्ही "पाच वर्षे" लिहिलं होतं ती पाच वर्षं पाच महिने निघाली, आणि "काही काळ" म्हणजे नोव्हेंबर 2018 ते मे 2019, सात महिने. सात महिने आईच्या आजारपणासाठी, हे कुणालाही समजतं. "काही काळ" वाचून समोरच्याला दोन वर्षंही वाटली असती.

तुमच्या बाबतीत दुसऱ्या कंपनीनं सोडल्याची तारीख भरलेली होती. पुष्कळांच्या बाबतीत ती राहून जाते आणि जुनी नोकरी चालूच आहे असं दिसतं. तसं असेल तर नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर त्याच पोर्टलवर `Manage` मध्ये `Mark Exit` वापरून सदस्याला स्वतः तारीख भरता येते. अर्ज पाठवण्याआधी हे करून टाकायचं. पहिल्या लेथच्या शेडमध्ये पीएफ नव्हता, त्यामुळे तिथे महिन्याचा हट्ट धरू नका. तुमच्या आठवणीप्रमाणे ऑगस्ट 2009 ते मे 2013, पण लिहिताना 2009 ते 2013 असं वर्षच लिहा. पुरावा नसलेला महिना लिहिण्यापेक्षा हे बरं.

शिक्षणाची गोष्ट सीमाभागात जराशी वेगळी आहे, आणि कागलला अर्ज करताना याचा फरक पडतो. आपल्याकडे दहावीला एसएसएलसी म्हणतात, तिकडे महाराष्ट्रात एसएससी. म्हणून "एसएसएलसी, दहावी, कर्नाटक बोर्ड" असं तिन्ही लिहायचं. गुण आकड्यांत देऊ नका. एसएसएलसीचे एकूण गुण 625 असतात, तिकडच्या माणसाला ते चटकन लागत नाही. टक्केवारी द्या. दुसरं गावाच्या नावाचं. शहराचं नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदांत बेळगावी झालं. तुमचं 2006 चं आणि 2008 चं प्रमाणपत्र त्याआधीचं, त्यावर जुनं नाव छापलेलं आहे. पत्त्यात आजचं नाव आणि शिक्षणात प्रमाणपत्रावर छापलंय तेच नाव लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला कागदाशी कागद जुळवता येतो. तुमचं स्वतःचं नावही प्रमाणपत्र आणि आधार यांवर एकसारखं आहे का ते आताच बघा. आडनावाचं स्पेलिंग वेगळं निघणं आपल्याकडे फार होतं.

आयटीआयचं प्रमाणपत्र एनसीव्हीटीचं आहे हे तुम्ही फोनवर सांगितलंत, पण परिच्छेदात लिहिलं नव्हतं. ते लिहा. अप्रेंटिसची परीक्षा पास झाल्याचं वेगळं प्रमाणपत्र तुमच्याकडे आहे, त्याचीही स्वतंत्र ओळ करा. तो अनुभव नोकरीत धरायचा नाही, शिक्षणाखाली ठेवायचा.

भाषांची ओळ कागलच्या माणसासाठी किरकोळ असेल, उद्यमबागेच्या आणि मच्छेच्या माणसासाठी नाही. इथल्या शेडमध्ये मराठी आणि कन्नड बोलणारी मुलं एकाच मशिनवर पाळी बदलतात. तुम्ही चार मुलं तयार केलीत, त्यांतल्या दोघांना कन्नडमधून शिकवलंत. हे कौशल्यच आहे. "इंग्रजी समजते" हे मात्र फार ढिलं आहे. तुम्ही ड्रॉइंग, अलार्म मेसेज आणि प्रोसेस शीट इंग्रजीत वाचता. तेवढंच लिहा, त्यानं समोरच्याला नेमकं हवं ते कळतं.

क्रमाबद्दल एक निर्णय घ्यावा लागतो. काही जण सांगतील की नुसती कौशल्यं लिहा, नोकऱ्या आणि तारखा खाली एका ओळीत संपवा. कारखान्याच्या कामासाठी मी ते कधीच करत नाही. तारखा नसलेलं कौशल्य वाचलं की इथले जुने मॅनेजर लगेच संशय घेतात की माणूस काहीतरी झाकतोय. म्हणून वर चार-पाच ओळींत कौशल्यं आणि त्याखाली नोकऱ्या, आजची आधी, जुनी शेवटी. कौशल्याच्या प्रत्येक ओळीचा पुरावा खालच्या एखाद्या नोकरीत सापडला पाहिजे. कौशल्यात "बोअर गेज" लिहिलं आणि खाली कुठल्याही कामात मोजमाप नाही, तर दोन्हींपैकी एक ओळ चुकली आहे.

हे सगळं जुळवून तुमचं पान असं होतं:

(तुमचं नाव)
सीएनसी टर्निंग सेटर-ऑपरेटर | 2013 पासून सीएनसी, 2016 पासून सेटिंग
येळ्ळूर, ता. जि. बेळगावी | मोबाइल | ईमेल

कौशल्ये
सीएनसी टर्निंग सेंटर, दोन अक्ष, फानुक कंट्रोल: सेटिंग, वर्क व टूल ऑफसेट, पहिला पीस पास करणे
सॉफ्ट जॉ बोअरिंग, टूल निवड, चालू प्रोग्राममध्ये फीड-स्पीड व मापांचे एडिटिंग
मोजमाप: मायक्रोमीटर, बोअर गेज, थ्रेड गेज, व्हर्निअर; 25 मायक्रॉनपर्यंत टॉलरन्स
नवीन ऑपरेटर शिकवणे, मराठी व कन्नडमधून
पारंपरिक लेथ: टर्निंग, फेसिंग, थ्रेडिंग

अनुभव
सेटर-ऑपरेटर, हायड्रॉलिक सिलिंडर कारखाना, मच्छे, जून 2019 ते आजपर्यंत
– ग्लँड, पिस्टन व एंड कव्हरचे सेटिंग. ग्लँड बोअर 25 मायक्रॉनमध्ये
– जॉबनिहाय सॉफ्ट जॉ व टूल यादी तयार ठेवून सेटिंगचा वेळ सुमारे दोन तासांवरून एका तासावर आणला
– रात्रपाळीत चार मशिनची जबाबदारी
– चार नवीन ऑपरेटर तयार केले

नोव्हेंबर 2018 ते मे 2019: आईच्या आजारपणामुळे घरी

सीएनसी ऑपरेटर, 2016 पासून सेटर, उद्यमबाग, जून 2013 ते ऑक्टोबर 2018
– पंप व व्हॉल्व्हचे टर्निंग पार्ट
– 2016 पासून स्वतंत्र सेटिंग

लेथ ऑपरेटर, उद्यमबाग, 2009 ते 2013
– शाफ्ट व बुशचे जॉबवर्क

शिक्षण
अप्रेंटिस, टर्नर, 2009, प्रमाणपत्रासह
आयटीआय टर्नर, एनसीव्हीटी, 2008
एसएसएलसी, दहावी, कर्नाटक बोर्ड, 2006, टक्केवारी

भाषा
मराठी, कन्नड, हिंदी बोलतो. इंग्रजी ड्रॉइंग व प्रोसेस शीट वाचतो

बघा, नोकरी जितकी जुनी तितकी तिची जागा कमी. मच्छेच्या कामाला चार ओळी, लेथला एक. समोरचा तुम्हाला आज काय येतं यासाठी पैसे देणार आहे. लेथचं काम कमी दर्जाचं म्हणून ते खाली नाही, उलट हाताच्या लेथवर शिकलेल्या सेटरची पकड चांगली असते. पण ते ज्याला समजतं तो "लेथ" हा एक शब्द बघूनच समजतो. कंपन्यांची नावं तुम्ही तुमच्या प्रतीत घाला. पण कोणत्या गिऱ्हाइकाचा पार्ट, ड्रॉइंग नंबर काय, हे कधीच नाही. तसं लिहिणारा उद्या आमचंही बाहेर सांगेल, असं नवा मालक मनात धरतो.

प्रत्येक ओळीत "मी" नाही हे लक्षात आलं असेल. ओळीत आधी काम, मग कुठल्या वस्तूवर, मग किती, एवढाच क्रम आहे. तुमची प्रत इंग्रजीत करून घ्यावी लागेल, कारण दोन्हीकडच्या ऑफिसात अर्ज इंग्रजीतच पुढे सरकतात. तेव्हाही ओळ कामाच्या क्रियापदानंच सुरू करायला सांगा, आणि जुन्या नोकरीतलं क्रियापद भूतकाळी ठेवायला सांगा. मराठी मूळ तुमच्यापाशी ठेवा. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री तेच वाचायचं.

आता मांडणी, यात फार वेळ घालवू नका. ए-4 कागद, चारही बाजूंना 2 सेंटीमीटर समास, 11 पॉइंटचा एकच साधा फॉन्ट. तारखा उजवीकडे सरळ रेषेत हव्या असतील तर स्पेस बार दाबत बसू नका. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की त्या वाकड्या होतात. वर्डमध्ये पट्टीवर 17 सेंटीमीटरला उजवा टॅब लावा आणि टॅब एकदाच दाबा. कागदाची रुंदी 21, दोन्ही समास मिळून 4, म्हणून 17. दोन रकान्यांचे, रंगीत पट्ट्यांचे, कौशल्यापुढे पाच तारे काढलेले तयार नमुने इंटरनेटवर मिळतात, ते घेऊ नका. नोकरीच्या साइटवरचं सॉफ्टवेअर दोन रकाने आडवे एकत्र वाचतं, आणि मग "फानुक"च्या पुढे "दहावी" येतं. शिवाय पाचपैकी चार तारे म्हणजे किती सेटिंग येतं, हे कुणालाच सांगता येत नाही.

एक अडचण आपल्या भागात हमखास येते. डीटीपी सेंटरमध्ये मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात, कन्नडचंही तसंच. पीडीएफमध्ये ते सुंदर दिसतं, पण आतून ती निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. म्हणून टाइप करणाऱ्याला युनिकोडच मागा, आणि घरी एक तपासणी करा. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मजकूर वाचता आला, क्रम तोच राहिला आणि तारखा त्यांच्याच नोकरीपुढे राहिल्या, तर फाइल ठीक. अक्षरांची खिचडी किंवा ओळींची अदलाबदल दिसली, तर कंपनीच्या संगणकालाही तेच दिसणार आहे. इंग्रजी प्रतीलाही ही तपासणी लावा, कारण टेबलमध्ये घातलेला मजकूर तिथेही उलटसुलट होतो.

फाइलला `final_new_2.pdf` असं नाव देऊन पाठवू नका. आडनाव, `CNC_Setter` आणि `.pdf`, एवढंच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कागदाचा फोटो काढून पाठवला तर तो अस्पष्ट होतो आणि त्यातून मोबाइल नंबरही कॉपी करता येत नाही. एक प्रत काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर काढून बघा, कारण गेटवर ती तशीच हातोहात फिरणार आहे.

दोन ठिकाणांसाठी दोन रेझ्युमे करायची गरज नाही, कौशल्यांतल्या वरच्या तीन ओळी बदला. कागलची जाहिरात मोठ्या बॅचच्या ऑटो पार्टची असेल तर सेटिंगचा वेळ आणि रात्रपाळी कौशल्यात वर घ्या. उद्यमबागेत जॉबवर्कची शेड असेल तर सॉफ्ट जॉ आणि रोज बदलणारे जॉब वर घ्या. तारखा, मापं आणि आकडे मात्र दोन्हीकडे शब्दाला शब्द तेच ठेवा. एमआयडीसीतली माणसं एकमेकांना ओळखतात, आणि दोन कागदांवर दोन आकडे दिसले तर कुणीतरी विचारतंच.

प्रिंट काढल्यावर माझ्याकडे पाठवा. पंप आणि व्हॉल्व्हच्या पार्टची जी ओळ आहे, तिथे अजून आकडा नाही. त्या पाच वर्षांत शिफ्टला किती पीस निघायचे आणि सर्वांत बारीक टॉलरन्स कुठली होती, हे तिथल्या तुमच्या जुन्या सहकाऱ्याला विचारून घ्या, मग ती ओळ पूर्ण करू.